विश्लेषण : स्मार्ट टीव्ही, सेट-टॉप बॉक्स की स्ट्रीमिंग स्टिक? पहिल्यांदा खरेदी करताना काय पाहावे?

मोठ्या टीव्हीवरील जीएसटी कमी झाल्यापासून अनेक घरांत जुना टीव्ही बदलण्याची चर्चा सुरू आहे. दुकानात गेल्यावर मात्र स्मार्ट टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि स्ट्रीमिंग स्टिक ही तीन नावे एकाच दमात ऐकू येतात. ‘स्मार्ट टीव्ही घ्या, बाकी काही लागत नाही’ असे विक्रेता सांगतो. घरी आल्यावर आजीची मालिका लागत नाही आणि पुन्हा केबलवाल्याला फोन करावा लागतो. या तीन वस्तू एकमेकींना पर्याय आहेत की पूरक, हे समजून घेतल्यास कित्येक हजार रुपये वाचू शकतात.

करकपातीचा फायदा नेमका कोणाला?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. याचा अर्थ टीव्ही दहा टक्के स्वस्त झाला असा नाही. करापूर्वी २० हजार रुपये किंमत असलेला ४३ इंची टीव्ही पूर्वी करासह २५,६०० रुपयांना पडत असे, तो आता २३,६०० रुपयांना पडायला हवा. म्हणजे ग्राहकाच्या खिशातून जाणाऱ्या रकमेत साधारण आठ टक्के घट झाली. ३२ इंची आणि त्याहून लहान टीव्हीवर तर जानेवारी २०१९ पासून १८ टक्केच कर होता. त्यामुळे ३२ इंची टीव्हीवर कोणी ‘जीएसटी कपातीची खास सवलत’ असा फलक लावला असेल, तर ती सवलत दुकानदाराची किंवा कंपनीची आहे, कराची नाही.

तिन्हींतला मूळ फरक काय?

टीव्हीवर काहीही दिसण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे चित्र दाखवणारा पडदा आणि दुसरी म्हणजे बाहेरून चित्र आणणारे यंत्र. साधा एलईडी टीव्ही हा केवळ पडदा असतो. सेट-टॉप बॉक्स आणि स्टिक ही चित्र आणणारी यंत्रे आहेत, त्यांना स्वतःचा पडदा नाही. स्मार्ट टीव्ही म्हणजे पडदा आणि इंटरनेटवरून चित्र आणणारा छोटा संगणक एकाच खोक्यात बसवलेला.

चित्र कोणत्या वाटेने येते, हा खरा फरक. सेट-टॉप बॉक्सकडे ते गच्चीवरच्या छत्रीतून किंवा केबलच्या तारेतून येते, इंटरनेट लागत नाही. स्मार्ट टीव्ही आणि स्टिक या दोघांकडे ते घरातल्या वायफायवरून येते. म्हणजे स्मार्ट टीव्ही आणि स्टिक एकाच कामाच्या दोन वस्तू आहेत, तर सेट-टॉप बॉक्सचे काम वेगळे आहे. स्मार्ट टीव्ही घेतला म्हणून सेट-टॉप बॉक्स आपोआप निरुपयोगी होत नाही आणि चांगला चालणाऱ्या स्मार्ट टीव्हीला स्टिकची गरज नसते. विक्रेत्यांच्या बोलण्यात नेमका हाच घोळ होतो.

आता दोन्ही वाटांनी चित्र आणणारे बॉक्सही मिळतात. काही डीटीएच कंपन्यांच्या ‘अँड्रॉइड’ सेट-टॉप बॉक्सला छत्रीची तारही जोडता येते आणि त्यातच यूट्यूब, ओटीटीची अ‍ॅपही चालतात. फायबर इंटरनेट देणाऱ्या कंपन्याही काही योजनांबरोबर बॉक्स देतात, पण त्यातील बरेचसे छत्रीशिवाय, केवळ इंटरनेटवर चालतात. नाव ‘सेट-टॉप बॉक्स’ असले तरी इंटरनेट बंद पडले की असे बॉक्सही बंद पडतात, हे घेतानाच विचारून घ्यावे.

सेट-टॉप बॉक्स लागतोच का?

मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर आणि पुढे टप्प्याटप्प्याने राज्यभर केबलचे डिजिटलीकरण झाले. तेव्हापासून सशुल्क वाहिन्या कुलूपबंद स्वरूपात येतात आणि ते कुलूप उघडण्याचे काम बॉक्स करतो. तुम्ही कोणत्या वाहिन्यांचे पैसे भरले आहेत, याची नोंद कंपनीकडे त्या बॉक्सच्या क्रमांकावर असते. म्हणून स्मार्ट टीव्हीच्या मागे छत्रीची तार थेट जोडून सशुल्क वाहिन्या दिसत नाहीत.

निःशुल्क वाहिन्यांची गोष्ट वेगळी. प्रसार भारतीच्या ‘डीडी फ्री डिश’ला मासिक शुल्क नाही, छत्री आणि बॉक्सचा एकदाच खर्च येतो. टीव्हीतच उपग्रहाचा ट्यूनर बसवलेला असेल तर असा बॉक्सही लागू नये, यासाठी भारतीय मानक ब्यूरोने ‘आयएस १८११२ : २०२२’ हे मानक काढले आहे. मात्र ‘डिजिटल ट्यूनर’ एवढेच शब्द वाचून खूश होऊ नये. तो उपग्रहाचा ट्यूनर आहे का, असे स्पष्ट विचारावे. फ्री डिशवरील खासगी वाहिन्यांची जागा लिलावातून ठरते, त्यामुळे आज दिसणारी वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असे नाही.

मालिका आणि बातम्या अ‍ॅपवरही मिळतात, मग बॉक्स कशाला, असा प्रश्न तरुण मंडळी विचारतात. पण मराठी वाहिन्या एका छताखाली नाहीत. झी मराठीसाठी झी५, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीसाठी जिओ हॉटस्टार, सोनी मराठीसाठी सोनी लिव्ह अशी विभागणी आहे. ज्या घरात संध्याकाळी सात ते दहा तीन वाहिन्यांवर फेरफटका होतो, तिथे तीन अ‍ॅप, तीन पासवर्ड आणि तीन नूतनीकरणाच्या तारखा सांभाळाव्या लागतात. रिमोटवर तीन आकडे दाबले की वाहिनी लागते, ही सोय सत्तरीतल्या प्रेक्षकासाठी लहान नसते.

क्रिकेटच्या थेट सामन्यात आणखी एक फरक जाणवतो. इंटरनेटवरचे प्रक्षेपण तुकड्या-तुकड्यांनी येते आणि प्रत्येक तुकडा आधी साठवून मग दाखवला जातो. त्यामुळे ते छत्रीवरच्या प्रक्षेपणापेक्षा बहुधा काही सेकंद, कधी अर्धा मिनिटही मागे असते. शेजारी डीटीएचवर सामना पाहत असतील तर षटकाराची आरोळी आधी ऐकू येते आणि चेंडू आपल्याकडे नंतर उडतो. उलट मुसळधार पावसात छत्रीचा सिग्नल तुटतो, कारण डीटीएचच्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात. फायबरला पावसाचा तसा त्रास नाही, पण रस्ता खोदताना तार तुटली की सारेच थांबते.

स्मार्ट टीव्ही लवकर म्हातारा का होतो?

पहिल्यांदा खरेदी करणाऱ्याला दुकानात सहसा न सांगितली जाणारी गोष्ट ही. टीव्हीचा पडदा नीट वापरला तर आठ-दहा वर्षे सहज टिकतो. त्याच्या आतला संगणक मात्र चार-पाच वर्षांत मागे पडू लागतो. तो बिघडत नाही, अ‍ॅप मोठी होत जातात आणि त्याला ती झेपत नाहीत.

स्वस्त स्मार्ट टीव्हीत बऱ्याचदा १ जीबी रॅम आणि ८ जीबी साठवण असते. त्या आठपैकी मोठा हिस्सा टीव्हीची स्वतःची प्रणालीच व्यापते. उरलेल्या जागेत चार-पाच ओटीटी अ‍ॅप बसवली की ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश येऊ लागतो. रिमोटचे बटण दाबल्यावर दोन-तीन सेकंदांनी पडदा हलतो, एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात गेले की पहिले बंद पडते. ही म्हातारपणाची पहिली लक्षणे. पुढची पायरी म्हणजे अ‍ॅपची नवी आवृत्ती त्या टीव्हीसाठी येणेच थांबते. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०१९ मध्ये सॅमसंगच्या काही जुन्या स्मार्ट टीव्हींवरील सेवा बंद केली होती. पडदे ठणठणीत होते, पण ते अ‍ॅप त्यावर पुन्हा चालले नाही.

फोनच्या बाबतीत हे आपण स्वीकारले आहे, कारण फोन तीन-चार वर्षांत बदलतोच. टीव्हीच्या बाबतीत तसे करणे महाग पडते. म्हणूनच स्टिकची खरी उपयुक्तता इथे आहे. मंद झालेल्या स्मार्ट टीव्हीच्या मागे स्टिक लावली की टीव्हीचा आतला संगणक बाजूला राहतो आणि स्टिकचा नवा संगणक काम करू लागतो. ‘स्मार्ट टीव्ही हँग होतो, नवा घ्यायचा का’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा चार हजार रुपयांच्या आसपास असते, चोवीस हजारांच्या नव्हे.

स्टिक कुठे अडते?

स्टिक टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत बसते. ही खाच चपटी असून तिच्या खालच्या दोन कडा तिरक्या असतात. जुन्या पेटी टीव्हीला किंवा सुरुवातीच्या काही एलसीडी टीव्हींना ती नसते, केवळ लाल-पांढऱ्या-पिवळ्या तारांच्या गोल खाचा असतात. अशा टीव्हीसाठी बाजारात काही शे रुपयांचे रूपांतरक मिळतात. त्यांवर यूट्यूब चालून जाते, पण सशुल्क ओटीटीवर अनेकदा आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. हा बिघाड नसतो. चित्रपटाची नक्कल होऊ नये म्हणून एचडीएमआयमध्ये जी सुरक्षा-तपासणी असते, ती अशा रूपांतरकावर पूर्ण होत नाही.

दुसरी अडचण विजेची. स्टिकसोबत छोटा अ‍ॅडाप्टर येतो, पण तार लोंबकळू नये म्हणून अनेक जण ती टीव्हीच्याच यूएसबी खाचेला जोडतात. जुन्या टीव्हीची यूएसबी खाच साधारण अडीच वॉट वीज देते, तर स्टिकच्या अ‍ॅडाप्टरची क्षमता पाच वॉट किंवा अधिक असते. स्टिक सुरू होते, पण चित्रपटाच्या मध्येच बंद होऊन पुन्हा चालू होते. लोक स्टिक परत करतात. प्रत्यक्षात अ‍ॅडाप्टर भिंतीतल्या सॉकेटला लावला की प्रश्न मिटतो.

तिसरी अडचण इंटरनेटची, आणि तीच सर्वांत मोठी. नेटफ्लिक्सच्याच माहितीनुसार एचडी चित्रासाठी तासाला ३ जीबीपर्यंत आणि फोर-के चित्रासाठी ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. फोनच्या रोजच्या २ जीबी डेटावर हॉटस्पॉट लावून टीव्ही पाहायचा म्हटले, तर पाऊण तासाच्या आतच तो संपेल. म्हणून घरात वायफाय नसेल तर स्टिक आणि स्मार्ट टीव्ही दोन्हींचा विचार आधी बाजूला ठेवावा. पैसे तिकडे घालण्याऐवजी चांगला साधा पडदा आणि सेट-टॉप बॉक्स घ्यावा. वेग मात्र फार लागत नाही. फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस वेग नेटफ्लिक्स पुरेसा मानते. तीस एमबीपीएसच्या जोडणीवरही चित्र अडखळत असेल, तर दोष बहुधा योजनेचा नसून राउटर आणि टीव्ही यांच्यातल्या भिंतींचा असतो. राउटर त्याच खोलीत आणून पाहावा, मगच महाग योजना घ्यावी.

एका घराचा हिशेब कसा मांडावा?

सांगली जिल्ह्यातल्या एका गावातील घर समजा. आजी-आजोबा मालिका आणि बातम्या पाहतात, नातीला यूट्यूब आणि एखादे ओटीटी अ‍ॅप हवे आहे. २०१७ मध्ये घेतलेला ३२ इंची साधा एलईडी टीव्ही चालू स्थितीत आहे, त्याला दोन एचडीएमआय खाचा आहेत. डीटीएचचे रिचार्ज महिन्याला ३५० रुपये. घरात नुकताच फायबर आला आहे, त्याचे बिल दोन्ही पर्यायांत सारखेच. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, आपापले घालून पाहावेत.

पहिला पर्याय, २४ हजारांचा ४३ इंची स्मार्ट टीव्ही घेऊन डीटीएच बंद करणे. मालिकांसाठी आणि नातीसाठी मिळून अ‍ॅपची वर्गणी वर्षाला अडीच हजार धरली, तर तीन वर्षांत साडेसात हजार. एकूण ३१,५०० रुपये. दुसरा पर्याय, चार हजारांची स्टिक घेऊन डीटीएच चालू ठेवणे. तीन वर्षांचे रिचार्ज १२,६०० रुपये आणि नातीसाठी एका अ‍ॅपचे वर्षाला १,२५० प्रमाणे ३,७५० रुपये. एकूण २०,३५० रुपये. फरक ११,१५० रुपयांचा, शिवाय आजी-आजोबांची सवय मोडत नाही.

पण हिशेब इथे संपत नाही. तीन वर्षांनंतरही पहिल्या घराकडे मोठा पडदा असेल आणि दुसऱ्याकडे तोच ३२ इंची. बैठक टीव्हीपासून आठ-नऊ फुटांवर असेल तर मोठ्या पडद्याचा फरक रोज दिसतो आणि त्यासाठी अकरा हजार देणे चूक म्हणता येणार नाही. जुन्या पडद्यावर उभ्या रेघा किंवा काळे डाग दिसू लागले असतील, तर स्टिकवर पैसे घालण्यात अर्थ नाही. आणि टीव्ही नवा घेऊन डीटीएचही चालू ठेवले तर खर्च ३६,६०० रुपयांवर जातो, अ‍ॅप वेगळे. अनेक घरांत शेवटी हेच घडते, कारण ‘बाकी काही लागत नाही’ हे वाक्य पहिल्याच आठवड्यात खोटे ठरते.

दुसऱ्या पर्यायात एक छोटी अडचण उरते. एकाच टीव्हीला बॉक्स आणि स्टिक दोन्ही जोडले की नातीने यूट्यूब पाहून टीव्ही बंद केल्यावर सकाळी आजोबांना ‘नो सिग्नल’ दिसते. काही बिघडलेले नसते. टीव्हीच्या रिमोटवरील ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ बटण दाबून बॉक्सची खाच निवडायची असते. दोन्ही खाचांची नावे कागदावर लिहून टीव्हीच्या कडेला चिकटवली, तर दुरुस्तीवाल्याची फेरी वाचते.

‘अँड्रॉइड’ लिहिलेले सगळे सारखेच का?

नाही, आणि इथे फसगत होते. अँड्रॉइडचा मूळ सांगाडा कोणालाही मोफत वापरता येतो. त्यावर गुगलचे प्ले स्टोअर देण्यासाठी मात्र गुगलचा परवाना लागतो. परवाना नसलेल्या टीव्हीवर वा बॉक्सवरही ‘अँड्रॉइड’ असे छापलेले असते. आत भलतेच अ‍ॅप दुकान असते आणि ओटीटी अ‍ॅप एकतर नसतात किंवा धूसर चित्र देतात. टीव्ही बाजारातील गुगलच्या याच परवान्यांच्या अटींवर भारतीय स्पर्धा आयोगात प्रकरण गेले होते. एप्रिल २०२५ मध्ये ते तडजोडीने मिटले. गुगलने २०.२४ कोटी रुपये भरले आणि भारतात टीव्हीसाठी प्ले स्टोअर व प्ले सर्व्हिसेसचा परवाना स्वतंत्रपणे देण्याचे मान्य केले. त्यामुळे कंपन्यांना पूर्वीपेक्षा मोकळीक मिळाली आहे. ग्राहकाला मात्र एकाच दर्जाचे वाटणारे टीव्ही आतून वेगळे असू शकतात, हे ध्यानात ठेवावे लागेल.

‘एकदाच पैसे भरा, सगळ्या वाहिन्या आणि सिनेमे कायमचे मोफत’ अशी जाहिरात करणारे बिननावाचे बॉक्स तर टाळावेतच. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अशा उपकरणांबाबत जाहीर इशारा दिला होता. ‘बॅडबॉक्स २.०’ या नावाने ओळखल्या गेलेल्या जाळ्यात लाखो अप्रमाणित अँड्रॉइड उपकरणे सापडली. काहींमध्ये घातक प्रणाली विक्रीपूर्वीच भरलेली होती आणि ग्राहकाच्या नकळत त्याचे घरचे इंटरनेट गैरव्यवहारांसाठी वापरले जात होते. सुरू करताना गुगलची सुरक्षा तपासणी बंद करायला सांगणारा बॉक्स, हे त्याचे ठळक लक्षण.

दुकानात काय करून पाहावे?

दुकानातला टीव्ही सहसा कंपनीची भडक रंगांची चित्रफीत दाखवत असतो. तिच्यावरून काहीच कळत नाही. विक्रेत्याला तो वायफायला जोडायला सांगावा, नाहीतर आपल्या फोनचा हॉटस्पॉट पाच मिनिटे द्यावा. प्ले स्टोअर आहे का, आपल्याला हवी ती अ‍ॅप त्यात सापडतात का, हे पाहावे. यूट्यूब उघडून, मध्येच बाहेर पडून दुसरे अ‍ॅप उघडावे आणि पुन्हा यूट्यूबवर यावे. एवढ्यात टीव्ही चाचपडू लागला, तर दोन वर्षांनी तो काय करेल हे वेगळे सांगायला नको. शक्य असल्यास २ जीबी रॅम आणि १६ जीबी साठवण घ्यावी, किमान तीन एचडीएमआय खाचा असाव्यात. वायफाय पाच गिगाहर्ट्झवर चालते का, तेही विचारावे. त्या लहरींवर दाटीवाटीच्या इमारतीत शेजाऱ्यांच्या वायफायचा अडथळा कमी होतो, मात्र त्या भिंतीपलीकडे लवकर मंदावतात.

बजेट तोकडे असेल आणि चांगला पडदा की चांगली ‘स्मार्ट’ प्रणाली असा पेच पडला, तर पडदा निवडावा. प्रणाली मागे पडली की स्टिक लावता येते, फिकट पडद्यावर मात्र पुढे काहीच उपाय नसतो. आणि डीटीएचचे रिचार्ज नवा टीव्ही आल्याच्या दिवशीच बंद करू नये. महिनाभर दोन्ही चालू ठेवावे, घरातले कोण काय आणि कशावर पाहते ते बघावे, मग बॉक्सचे काय करायचे ते ठरवावे.